फोटोत बाईंची लाल शाई आणि मुलाचं निळं पेन एकमेकांवर आलंय, वेगळं कसं करायचं?

वाळपईकर
नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयाचा छोटासा अंक दिवाळीला काढायचाय आणि त्यात चौथीच्या मुलांचे निबंध टाइप न करता त्यांच्याच अक्षरात छापायचे असं ठरलंय. गणेश चवथीच्या सुट्टीआधी एका संध्याकाळी वह्या हातात आल्या, मी घाईत मोबाइलवर ३४ पानांचे फोटो काढले आणि वह्या परत दिल्या. आता बसून बघतो तर सगळ्या वह्या तपासलेल्या! प्रत्येक पानावर लाल बरोबरच्या खुणा, अधोरेखा, मधेमधे "अक्षर सुधार", एका पानावर तर खूण इतकी लांब की तीन ओळींतून आरपार गेलीय. मुलं सगळी निळ्या बॉलपेनने लिहितात. मला बाईंचं लाल काढून फक्त मुलाचं अक्षर पाहिजे. जिथे लाल एकटं आहे तिथे काही प्रश्न नाही, ते खोडता येतं, पण जिथे लाल रेघ निळ्या अक्षरावरून गेलीय तिथे काय करू? वह्या परत मागायला आता जीव होत नाही.

पेडण्याचो_पोरगो
लाल शाई कागदावरून काढायची असेल तर कापसाच्या बोळ्याने थोडं ब्लीच लावायचं, आमच्या आजोबांच्या दुकानात पावत्यांवरचे आकडे असेच जायचे (का ते विचारू नका). पण निळं पण जातं त्याच्याबरोबर, म्हणून हळू लावायचं.

वाळपईकर
अरे बाबा वह्या माझ्याकडे नाहीत, फोटो आहेत! ब्लीच मोबाइलला लावू का 😄

पेडण्याचो_पोरगो
सॉरी सॉरी, टायटल नीट वाचलं नाही.

कोडकर_फोंडा
सोपं आहे. OpenCV मध्ये फोटो HSV मध्ये न्यायचा, ह्यूवरून, म्हणजे रंगाच्या छटेवरून, लाल निवडायचं. लक्षात ठेव की लाल दोन्ही टोकांना असतो, म्हणजे ० ते १० आणि १७० ते १७९, दोन्ही मास्क जोडायचे, नाहीतर अर्धं लाल सुटतं. मग `cv2.inpaint` ने ती जागा आजूबाजूच्या रंगाने भरायची. मी पावत्यांवरचे शिक्के असेच काढतो, दहा मिनिटांचं काम.

वाळपईकर
भाई तेच तर केलं मी, भाच्याला बसवून. रिकाम्या जागेतलं लाल एकदम स्वच्छ गेलं. पण जिथे खूण शिरोरेषेवरून जाते तिथे शिरोरेषा तुटली, आणि तुटलेल्या जागी इनपेंटने धुरकट राखाडी डाग करून ठेवला. "पावसात" मधला "व" गेला आणि नुसता "ब" का "व" असा प्रश्न पडतोय. काही ठिकाणी उलटं झालं, लाल निळ्यावर गेलंय तो तुकडा मास्कमध्ये आलाच नाही आणि अक्षरावर एक जांभळट गाठ राहिली.

कोडकर_फोंडा
मग रेंज वाढव ना, १६० पासून घे. जांभळटही येईल.

वाळपईकर
१६० ला काही ठिकाणी निळंच जायला लागलं. करून बघितलंय.

जुनी_डार्करूम
मी पणजीत एका छापखान्यात बरीच वर्षं प्रोसेस कॅमेऱ्यावर होतो, तेव्हाची गोष्ट सांगतो, कारण तुमचं काम आम्ही रोज करायचो आणि कॉम्प्युटर नव्हता. पार्टी मजकूर आणून द्यायची, त्यावर प्रूफवाल्याच्या लाल खुणा. आम्ही लेन्सला लाल फिल्टर लावायचो. फिल्म डेव्हलप केली की लाल खुणा गायब आणि मजकूर जसाच्या तसा. लाल शाई "निवडून काढायची" हा विचारच आमच्या डोक्यात नव्हता. लाल उजेडात लाल शाई कागदाएवढीच उजळ दिसते, म्हणून ती दिसत नाही, बस.

आणि खरी गंमत तुमच्या प्रश्नातच आहे, जिथे दोन्ही एकावर एक आलंय तिथे. निळी शाई लाल उजेड गिळते. तिच्यावर लाल शाईचा थर चढला तरी ती गिळतेच, लाल थर फक्त लाल उजेड आत जाऊ देतो, आणि तो खाली निळ्याने गिळला. म्हणजे त्या जागी लाल उजेडात काळंच दिसतं, निळं एकटं असतं तेवढंच. रेघ तुटतच नाही. ह्यूवाल्यांचं चुकतं ते इथे: तिथला रंग ना लाल ना निळा, गडद जांभळट काळा असतो, आणि इतक्या गडद पिक्सेलमध्ये ह्यू म्हणजे नुसता अंदाज, शेजारच्या दोन पिक्सेलचा वेगवेगळा येतो. त्याला प्रश्न "हा लाल का निळा" असा विचारलात तर उत्तर चुकणारच, कारण तो दोन्ही आहे.

तुमच्या फोटोत लाल फिल्टर आधीच लावलेला आहे. रंगीत फोटो लाल, हिरवा, निळा अशा तीन थरांचा असतो, त्यातला लाल थर म्हणजे रेड चॅनल तेवढा उघडून बघा.

रेडपेन_बाई
हे मुलांना दाखवायला किती छान आहे. आकाशकंदिलाचा लाल जिलेटीन कागद उरलेला होता तो आत्ता वहीवर धरून बघितला, माझ्या सगळ्या खुणा नाहीशा! 🙈 मुलांचं सगळं राहिलं.

म्हापशेकर_७८
कोड नको असेल त्यांच्यासाठी: मोबाइलवर स्नॅपसीडमध्ये ब्लॅक अँड व्हाइट टूल आहे त्यात कलर फिल्टरमध्ये लाल निवडा. पीसीवर जिम्प असेल तर `Colors > Components > Extract Component` मध्ये `RGB Red`. एका क्लिकचं काम. मी बिलांच्या कार्बन कॉप्यांसाठी वापरतो, ते वेगळं.

कोडकर_फोंडा
हं. मान्य, ओव्हरलॅपसाठी माझी पद्धत चुकीची. पण सगळे पेन आदर्श नसतात, लाल शाई रेड चॅनलमध्ये शंभर टक्के जाणार नाही, थोडं भूत राहीलच.

जुनी_डार्करूम
राहतं, बरोबर. वाळपईकर, एका पानाचा तुकडा इथे टाका, जिथे खूण अक्षरावरून गेलीय असा.

वाळपईकर
टाकला. पान ७, "पावसात म्हादई तांबडी होते" असं वाक्य आहे, खूण "म्हादई" वरून गेलीय.

जुनी_डार्करूम
चार ठिकाणी पिक्सेल मोजला. कागद: रेड २२४, ग्रीन २१९. नुसतं निळं पेन: रेड ६२, ग्रीन ७४. नुसती लाल खूण: रेड २०६, ग्रीन ५८. दोन्ही एकावर एक: रेड ५७, ग्रीन २६.

आता फक्त रेड बघा. लाल खूण २०६, कागद २२४, म्हणजे खूण कागदाच्या ९२ टक्के उजळ आहे, तेच कोडकरांचं भूत. आणि निळ्यावर लाल पडलं तिथे ६२ चे ५७ झाले. ६२ चे ९२ टक्के किती? ५७. म्हणजे लाल थराने आपला आठ टक्के हिस्सा तेवढा खाल्ला, अक्षराला काही झालं नाही. डोळ्याला ५७ आणि ६२ मधला फरक दिसणारही नाही. भूत घालवायला लेव्हल्समध्ये पांढऱ्याची खूण खाली ओढायची, म्हणजे जे काही कागदाच्या ८५ टक्क्यांच्या वर उजळ ते सगळं पांढरं. निळं पेन २८ टक्क्यांवर बसलंय, त्याला धक्का लागत नाही.

पण हे टक्के *त्या जागच्या* कागदाचे हवेत. तुमच्या पानाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात हाताची सावली आहे, तिथे कोरा कागदच १६० आहे. सगळ्या पानाला एकच आकडा लावलात तर तो कोपरा राखाडी राहणार. आधी उजेड सपाट करा, मग लेव्हल्स.

कोडकर_फोंडा
ते मी देतो. शाई पुसून फक्त कागदाचा उजेड राहील असं एक चित्र बनवायचं आणि फोटोला त्याने भागायचं.

```python
import cv2, numpy as np

def sapat(ch):
    k = np.ones((25, 25), np.uint8)
    bg = cv2.medianBlur(cv2.dilate(ch, k), 101)
    return cv2.divide(ch, bg, scale=255)

img = cv2.imread("pan07.jpg")
mul = sapat(img[:, :, 2])
cv2.imwrite("pan07_mul.png", mul)
```

OpenCV मध्ये क्रम उलटा असतो, निळा-हिरवा-लाल, म्हणून लालचा नंबर 2. ० टाकलात तर बरोब्बर उलटं होईल, बाईंच्या खुणा ठळक येतील. आणि २५ हा आकडा पेनाच्या रेघेपेक्षा बराच जाड हवा, नाहीतर रेघेच्या आतलीच शाई कागद समजली जाते आणि जाड अक्षरं पोकळ दिसतात.

वाळपईकर
चालवलं. पान ७ एकदम मस्त! "म्हादई" अखंड आलं, विश्वास बसत नाही. पण पान १२ ते २० मध्ये विचित्रच काहीतरी. लाल खूण जाते, पण तिच्या *कडा* राहतात. म्हणजे एका खुणेच्या जागी दोन बारीक समांतर रेघा, मधे पोकळ. लेव्हल्स कितीही ओढा, त्या जात नाहीत, त्या जाईपर्यंत बारीक अक्षरंच फिकी होतात.

म्हापशेकर_७८
शार्पनेस वाढवून बघ. कडा ब्लर असतील.

जुनी_डार्करूम
शार्प अजिबात करू नका, त्याने कडा आणखी उठतील. ही पानं व्हॉट्सअॅपवरून आलीत का?

वाळपईकर
हो!! १२ ते २० भाच्याच्या फोनवर काढलेली, त्याने व्हॉट्सअॅप केली. कसं ओळखलंत?

जुनी_डार्करूम
पोकळ कडांवरून. जेपेग फोटोत उजळपणा पूर्ण बारकाईने साठवतात आणि रंग बहुतेक वेळा निम्म्या बारकाईने, आडवा निम्मा आणि उभा निम्मा. चार पिक्सेलना मिळून एक रंग. डोळ्याला कळत नाही म्हणून चालतं. पण रेड चॅनल हा साठवलेला नसतोच, उघडताना उजळपणा आणि रंग मिळवून तो बनवतात. आता लाल खुणेची कड घ्या. उजळपणा तिथे धारदार उतरतो, पण रंग शेजारच्या कागदाशी मिसळून फिका झालाय. म्हणजे रेघेच्या आतल्या कडेला "गडद आहे पण पुरेसा लाल नाही" असा हिशोब होतो, आणि रेडमध्ये ती कड काळी येते. मधला भाग बरोबर येतो, म्हणून पोकळ.

तुमचा मूळ फोटो ४००० पिक्सेल लांब, वहीचं पान समजा २० सेंटिमीटर, म्हणजे मिलिमीटरला २० पिक्सेल, बॉलपेनची अर्ध्या मिलिमीटरची रेघ १० पिक्सेल जाड. रंगाच्या हिशोबात पाच. त्यात कड म्हणजे थोडाच भाग. व्हॉट्सअॅपने लांब बाजू १६०० च्या आसपास आणली की तीच रेघ चार पिक्सेल, रंगाच्या हिशोबात दोन. दोनपैकी दोन्ही कडाच! मधला बरोबर भाग उरलाच नाही.

वाळपईकर
मग उपाय? भाच्याने फोन विकला नाही अजून एवढंच नशीब.

जुनी_डार्करूम
मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा, फोटो म्हणून नको. आली की आधी तिची लांबी-रुंदी निम्मी करा, सरासरी घेणाऱ्या पद्धतीने (`cv2.INTER_AREA`), मग रेड काढा. निम्मी केली की उजळपणाची बारकाई रंगाच्या बारकाईएवढी होते, दोघांचं भांडण मिटतं. २००० पिक्सेल छापायला तुमच्या अंकाच्या आकारात भरपूर.

कोडकर_फोंडा
हे मला खरंच माहीत नव्हतं. मी शिक्क्यांच्या कडांना थ्रेशोल्डचा दोष देत होतो इतके दिवस. आता कोडमधले २५ आणि १०१ पण निम्मे करायला लागतील, १३ आणि ५१, विषमच ठेवा.

रेडपेन_बाई
एक मधे बोलू का, मी स्वतः शिकवते (डिचोली तालुक्यात, शाळा सांगत नाही). खुणा आणि शेरे काढणं ठीक. पण आम्ही लाल पेनने नुसत्या खुणा करत नाही हो. "नदि" लिहिलं असेल तर ती वेलांटी छाटून दीर्घ देतो. "झाडाना" असेल तर डोक्यावर एक टिंब देतो. तुम्ही लाल काढलंत की मुलाचं चुकलेलं रूप परत येणार आणि ते अंकात छापलं जाणार, गावभर. त्या मुलाला काय वाटेल? आणि बाईंना लोक म्हणतील तपासलं नाही.

वाळपईकर
बाई हा विचार केलाच नव्हता. पान १५ वर खरंच "नदि" आहे.

म्हापशेकर_७८
मला तर चुकीसकटच आवडेल वाचायला, चौथीतलं पोर आहे, शुद्धलेखनाची परीक्षा थोडीच.

रेडपेन_बाई
तुम्हाला आवडेल हो, नाव त्याचं छापलं जाणार आहे. 🙂

जुनी_डार्करूम
बाईंच्या मुद्द्याला एक तांत्रिक शेपूट आहे आणि मराठीत ते जास्त त्रास देतं. टिंब. अनुस्वाराचं टिंब देताना माणूस पेन दाबतो, रेघ ओढताना दाबत नाही. त्यामुळे टिंबात शाई साचते, आणि जाड थरातून लाल उजेडही कमी परततो. तुमच्या पान १५ वर रेघेची लाल शाई कागदाच्या ९२ टक्के आहे, पण बाईंचं "झाडां" वरचं टिंब मी मोजलं तर ६५ च्या आसपास. लेव्हल्स ८५ वर ठेवल्यात म्हणजे ते राखाडी टिंब बनून राहणार. म्हणजे काय झालं? वेलांटी चुकलेली परत आली, आणि अनुस्वार मात्र बाईंचा राहिला. ना मुलाचं ना बाईंचं, तिसरंच काहीतरी.

उलटंही होतं. मुलाने स्वतः दिलेलं हलकं टिंब, पेन नीट न चाललेलं, तेही ६५ च्या आसपास असू शकतं. नुसत्या रेड चॅनलमध्ये ही दोन टिंबं सारखी दिसतात. म्हणून फक्त एक थर काढून थांबू नका, बाईंचा थरही वेगळा काढा आणि टिंबाची शंका आली की तिथे बघा.

आईची_वही
इथेच विचारतो, माझं जरा उलटं आहे. माझी आई काणकोणला प्राथमिक शिक्षिका होती, आता नाही ती. माझीच तिसरीची वही सापडली, तिनेच तपासलेली, कारण मी तिच्याच वर्गात होतो. 😊 मला माझं अक्षर नको, तिचे शेरे हवेत, एका कागदावर एकत्र करून फ्रेम करायचेत. पण तिने शेरे माझ्या ओळींवरच तिरपे लिहिलेत, जागाच नसायची. ब्लू चॅनल घेऊ का मग? निळ्यात निळं जाईल ना?

कोडकर_फोंडा
हो, तर्क तोच. लाल चॅनलमध्ये लाल जातं तसं निळ्यात निळं.

जुनी_डार्करूम
अर्धंच जाईल. लाल शाई लाल उजेडाला जवळजवळ पूर्ण वाट देते, निळी शाई निळ्याला तेवढी देत नाही, बॉलपेनची तर नाहीच. वाळपईकरांच्या पानावर निळं पेन ब्लू चॅनलमध्ये कागदाच्या दोन तृतीयांश उजळ आहे फक्त. ते चांगलंच दिसतं.

त्यापेक्षा भागाकार करा. वरचे आकडे परत बघा, ग्रीनला रेडने भागा. कागद: २१९ भागिले २२४, जवळजवळ १. निळं पेन: ७४ भागिले ६२, १.२. लाल खूण: ५८ भागिले २०६, ०.२८. आणि एकावर एक: २६ भागिले ५७, ०.४६. निळी शाई रेड आणि ग्रीन दोन्ही जवळपास सारखेच गिळते, म्हणून भागाकारात ती कटते, मागे उरते ती लाल. एकाच्या आसपास किंवा वर ते कागद आणि निळं, अर्ध्याच्या खाली ते लाल, मग खाली निळं असो वा नसो.

कागदी हिशोबाने एकावर एक आलं तिथला ग्रीन २० यायला हवा होता, आलाय २६. शाईच्या वरच्या चकाकीचा थोडा पांढरा उजेड सगळ्यांत मिसळतो, त्यामुळे. तेवढं चालतं.

कोडकर_फोंडा
कोड तोच, दोन ओळी जास्त:

```python
g = sapat(img[:, :, 1])
lal = cv2.divide(g, np.maximum(mul, 20), scale=255)
```

२० ची अट यासाठी की अगदी काळ्या पिक्सेलने भागलं की वेडेवाकडे ठिपके येतात.

आईची_वही
केलं मुलाकडून. काही पानं इतकी सुंदर आली की काय सांगू. तिचं "छान, पण घाई नको" माझ्या चार ओळींवरून तिरपं गेलेलं, पूर्ण सुटं झालं. पण जिथे मी काळ्या पेनने लिहिलंय तिथे तिची अक्षरं ओलांडताना फाटतात, माझ्या प्रत्येक अक्षराच्या जागी भोक.

जुनी_डार्करूम
काळ्यावर ते फार जमत नाही, आणि खोटी आशा दाखवत नाही. काळी शाई सगळंच गिळते. तुमच्या तुकड्यात काळं पेन रेड ४०, ग्रीन ४०. त्यावर लाल आलं की रेड ३७, ग्रीन २४. एवढ्याशा आकड्यांत जेपेगचीच पाच-सात आकड्यांची खळबळ असते. २४ चा १८ पण होऊ शकतो, ३० पण, म्हणजे भागाकार अर्ध्यापासून पाऊणच्या वर कुठेही. रेघ ठिपक्याठिपक्यांची दिसते. माझ्या कामासाठी (खालचं अक्षर ठेवायला) काळं सगळ्यात सोपं, तुमच्यासाठी सगळ्यात अवघड. वही तुमच्याकडे आहे, तर फोन रॉ फोटो देत असेल तर तसा काढून बघा, थोडी जास्त एक्सपोजर ठेवून. कागद जळाला तरी हरकत नाही, तुम्हाला काळ्याच्या आतला बारीक फरक पाहिजे.

आईची_वही
बघतो. नाहीतर भोकांसकट लावीन, माझीच अक्षरं आहेत ती.

पेडण्याचो_पोरगो
फ्लॅश मारला तर काळ्यात जास्त उजेड जाईल ना?

जुनी_डार्करूम
फ्लॅश नको, कोणीच नको. बॉलपेनची दाट निळी शाई समोरून उजेड पडला की तांब्यासारखी लालसर चमकते. वही तिरकी करून बघा खिडकीत, दिसेल. फ्लॅशमध्ये मुलाचंच अक्षर मधेमधे लालसर येतं आणि मग ह्यू असो, भागाकार असो, सगळे त्याला बाईंचं समजतात. खिडकीचा बाजूचा उजेड, ढगाळ दिवस असेल तर उत्तम, आपल्याकडे सध्या त्याची कमी नाही. आणि फोनचा डॉक्युमेंट स्कॅन मोड बंद, तो आपल्या मनाने रंग चढवतो.

वाळपईकर
भाच्याकडून मूळ फाइली आल्या, निम्म्या केल्या, पोकळ कडा नव्वद टक्के गेल्या. ३४ पैकी २८ पानं तयार. अडकलेली सांगतो. तीन पानांवर मुलांनी म्हादईचं चित्र पेन्सिलीने काढलंय आणि त्यावर लाल खूण. लेव्हल्स ओढल्या की पेन्सिल पण जाते.

कोडकर_फोंडा
तिथे दोन थर उपयोगी पडतील. पेन्सिल राखाडी, तिचा ग्रीन भागिले रेड जवळजवळ १ येतो. लाल भुताचा ०.३. म्हणजे `mul` मध्ये जे फिकं आहे *आणि* `lal` मध्ये गडद आहे तेवढंच पांढरं करायचं, `mul` मध्ये गडद आहे त्याला हात लावायचा नाही. थोडक्यात माझा जुना मास्कच, पण अक्षरावर कधीच न चालणारा. 😌

म्हापशेकर_७८
आला परत मास्क घेऊन!

वाळपईकर
चाललं! फक्त खूण पेन्सिलीवरून जिथे ओलांडते तिथे पेन्सिलही पुसली जाते, दोन-तीन मिलिमीटर. चित्रात खपतं. वहीचा उभा लाल समास पण याच्यातच गेला, बरंच झालं.

आता पान १९. ह्या मुलीने शीर्षक आणि प्रत्येक परिच्छेदाचा पहिला शब्द स्वतःच लाल पेनने लिहिलाय. तो सगळा गेला! निबंध "म्हादईचा पूर" आणि शीर्षकाची जागा कोरी.

कोडकर_फोंडा
दोन लाल पेनं वेगळी असतील तर भागाकाराचा आकडा थोडा वेगळा येईल, ०.२८ आणि ०.३५ असं काहीतरी.

जुनी_डार्करूम
मोजलं मी. मुलीचं ०.२६ ते ०.३८, बाईंचं ०.२५ ते ०.३६, दाबाप्रमाणे हलतंय. एकाच दुकानातलं पेन असणार. रंगावरून होणार नाही, हाताने शीर्षकाभोवती चौकोन आखून तो भाग मूळ फोटोतून घ्या. शीर्षकावरून खूण गेली असेल तर त्याला इलाज नाही.

वाळपईकर
शीर्षकावरून "छान" गेलंय. 😐

रेडपेन_बाई
मग त्या पानावर "छान" राहू द्या की.

वाळपईकर
एका पानावर ठेवून बाकीच्यांवर काढलं तर बाकीच्या पोरांच्या आया मला सोडतील का... आणि "नदि" चं काय करायचं ते अजून ठरत नाहीय. कमिटीत दोन मतं आहेत. एक म्हणतात बाईंचा थर फिका करून खाली ठेवा, वीस टक्के, म्हणजे दुरुस्ती दिसेल पण अक्षर झाकणार नाही. काळ्या-पांढऱ्या छपाईत ते नुसतं मळकट दिसेल अशी मला भीती.

जुनी_डार्करूम
मळकटच दिसेल. दोन रंगांत छापायचं बजेट असेल तर वेगळी गोष्ट, मुलाचा थर काळ्यात, बाईंचा लालमध्ये, दोन प्लेटी तुमच्याकडे आयत्याच तयार आहेत. छापखान्यात विचारा पान १५ आणि १९ एका फॉर्मात, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या एकाच मोठ्या कागदावर, येतात का, मग तेवढाच एक फॉर्म दोन रंगांत.

वाळपईकर
सोमवारी साखळीला जातोय छापखान्यात, विचारून सांगतो.